व्हॅनचा वर्षभराचा अनुभव: सिंहगड रोड, सकाळची शाळा

माझी मुलगी दुसरीत आहे. जूनपासून ती याच व्हॅनने जाते.

आधी काकांबद्दल, कारण व्हॅन ठेवली ती त्यांच्यामुळेच. गाडी चालवताना फोन घेत नाहीत, आवाज चढवत नाहीत. जुलैत एकदा मला फाटकाशी पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. पाऊस धो धो होता. काकांनी तिला एकटीला उतरवलं नाही. बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावून थांबले आणि तिचा हात माझ्या हातात दिल्यावरच निघाले. हे मी विसरणार नाही.

सकाळी ६:४० म्हणजे ६:४०. दुपारी मात्र धायरी फाट्याच्या गर्दीत पंधरा-वीस मिनिटं जातात, ते गृहीत धरा.

तक्रार आहे ती मुलांच्या संख्येची. दिवाळीनंतर दोन मुलं वाढवली आणि लहानग्यांना दाटीवाटीने बसवायला लागले. आम्ही चार पालक मालकांना भेटलो, तेव्हा कुठे दुसरी गाडी लावली. २०११ च्या राज्य नियमावलीत मुली असलेल्या गाडीत महिला मदतनीस हवी. इथे ताई आहेत, पण शनिवारी नसतात. हे मला अजिबात पटत नाही. मालकांना सांगून झालंय, पुन्हा सांगणार आहे.

ग्रुपवर ‘निघालो’, ‘पोचलो’ रोज येतं. उशीर होणार असेल तर मात्र आपणच फोन करावा लागतो.

प्रवेश घेण्याआधी गाडीचं फिटनेस आणि परवाना बघायला मागा. आम्हाला लगेच दाखवले.