विषय : औपचारिक तक्रारीआधी गोपनीय भेटीची विनंती

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
चाकण प्रकल्प

महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्या प्रकल्पात आवक माल तपासणीचे काम पाहते. एका सहकाऱ्याच्या माझ्याशी असलेल्या वागणुकीबद्दल आपल्याशी समक्ष आणि गोपनीयपणे बोलायचे आहे, त्यासाठी वेळ मिळावी ही विनंती. हे पत्र म्हणजे औपचारिक तक्रार नव्हे आणि तशी नोंद आत्ताच करू नये. तक्रार करावी की नाही, केल्यास पुढे काय होते, हे नीट समजून घेतल्यावरच मला निर्णय घ्यायचा आहे. त्यामुळे संबंधित व्यक्तीचे नाव मी येथे लिहीत नाही, भेटीत सांगेन. ते उत्पादन विभागात माझ्याच श्रेणीवर आहेत आणि रोजच्या कामात आमचा एकमेकांशी संबंध टाळता येण्यासारखा नाही.

दिवाळीनंतर पुरवठादारांकडून आलेले काही लॉट मापात बसत नसल्याने मी नाकारले, तेव्हापासून हे सुरू झाले. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. लाइन थांबली की उत्पादनावर किती ताण येतो हे मी जाणते, आणि कामावरून दोन शब्द वर-खाली झाले तर ते मी मनावर घेत नाही. परंतु आता प्रकार त्यापलीकडे गेला आहे. मी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता शेजारच्या माणसाकडे पाहून बोलणे, सकाळच्या बैठकीची बदललेली वेळ मला न कळवणे आणि मग मी गैरहजर असल्याचे सर्वांसमोर सांगणे, पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरा माझ्या कामाबद्दल टोमणे लिहिणे, हे नेहमीचे झाले आहे. मागच्या महिन्यात मी एका ट्रेवर लावलेला लाल टॅग त्यांनी काढला, माझ्या टेबलापाशी येऊन तो माझ्या चहाच्या कपात टाकला आणि “तुमच्या सहीसाठी लाइन थांबणार नाही” असे कामगारांसमोर मोठ्याने म्हणाले. तो ट्रे मी पुन्हा बाजूला काढला, पण त्या दिवसापासून टॅग लावताना माझा हात अडखळतो. ही गोष्ट मला अपमानापेक्षाही गंभीर वाटते, कारण दडपणाखाली केलेली तपासणी ही तपासणी राहत नाही.

माझ्या वरिष्ठांना मी तोंडी सांगितले होते. त्यांनी ऐकून घेतले, पण “दोघेही कामाची माणसे आहात, सांभाळून घ्या” एवढ्यावर विषय थांबला. त्यांचे आणि संबंधित सहकाऱ्यांचे जुने संबंध आहेत. त्यात त्यांचा दोष आहे असे मी म्हणत नाही, तरी आपली भेट होण्यापूर्वी या दोघांपैकी कोणालाही या पत्राची कल्पना देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वार्षिक मूल्यमापन तोंडावर आहे, आणि त्यावर याची सावली पडू नये असे मला वाटते.

हा लैंगिक स्वरूपाचा त्रास नाही, त्यामुळे २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे मी गेलेले नाही. तरीही तपशील ऐकल्यावर आपले मत वेगळे झाले, तर कृपया लगेच सांगावे, कारण त्या कायद्याखाली लेखी तक्रारीसाठी साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांची मुदत असते.

भेटीत मी जे सांगेन त्यातील काही गोष्टी आपल्याला पदाच्या जबाबदारीमुळे गुप्त ठेवता येणार नसतील, तर त्या कोणत्या हे बोलणे सुरू होण्याआधी मला कळावे. घटनांच्या तारखा आणि ग्रुपवरील संदेशांच्या प्रती मी सोबत आणीन. काही प्रसंगी दोन प्रशिक्षणार्थी तिथे हजर होते. त्यांना विचारल्याशिवाय मी त्यांची नावे देणार नाही, कारण त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही.

संबंधित सहकाऱ्यांना शिक्षा व्हावी हा माझा हेतू नाही. हे थांबावे आणि मला माझे काम निर्धास्तपणे करता यावे, एवढेच हवे आहे. मध्यस्थाच्या उपस्थितीत बोलणे झाल्यास माझी तयारी आहे. मात्र तोडगा म्हणून माझीच बदली दुसऱ्या विभागात करणे मला मान्य होणार नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

भेट शॉप फ्लोअरजवळच्या काचेच्या केबिनमध्ये नको, तिथे कोण कोणाशी बोलत आहे हे सगळ्यांना दिसते. प्रशासकीय इमारतीत पहिली पाळी सुटल्यावर, म्हणजे दुपारी साडेतीननंतर, मला कोणत्याही दिवशी येता येईल. कॅलेंडरवर निमंत्रण न पाठवता याच खाजगी ईमेलवर वेळ कळवावी. कार्यालयीन ईमेल आमच्या विभागातील सामायिक संगणकावर उघडा असतो. या आठवड्यात प्रत्यक्ष भेट शक्य नसेल, तर संध्याकाळी सातनंतर फोनवर बोलता येईल.

आपली विश्वासू,
माधवी
आवक माल तपासणी, गुणवत्ता विभाग