विषय: ऑक्टोबरची 2बी मिळवणी काल द्यायची राहिली, उद्या दुपारी 12 पर्यंत देते

अंजली मॅडम, नमस्कार.

काल संध्याकाळी सातला मी तुम्हाला ‘मिळवणी आज होणार नाही, स्टोअरने बिलं उशिरा दिली’ एवढंच लिहून पाठवलं. घरी गेल्यावर तो मेल पुन्हा वाचला आणि मला बरं वाटलं नाही. काम कुठे अडलंय, कधी होईल, तुमच्याकडून काय हवंय, यातलं काहीच त्यात नव्हतं. शिवाय सगळं स्टोअरवर ढकललं होतं. म्हणून आज नीट लिहिते.

ऑक्टोबरच्या खरेदी रजिस्टरची 2बीशी मिळवणी मी सोमवारी, 17 तारखेला संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. ती मी दिली नाही. उद्या, बुधवारी दुपारी 12 वाजता ती तुमच्याकडे येईल. 20 तारखेच्या 3बीला धक्का लागणार नाही. तुम्ही उद्या आकडे बघून दिलेत की चलन उद्याच तयार करता येईल.

आत्ताची स्थिती अशी आहे. रजिस्टरमध्ये एकूण 612 बिलं आहेत. काल संध्याकाळपर्यंत 574 जुळली होती, 38 अडली होती. त्यातली 23 नुसत्या बिल नंबरमुळे अडली होती. पुरवठादाराने 25-26/1045 असा नंबर टाकलाय आणि आपल्या टॅलीत नुसतं 1045 आहे. ती सगळी काल रात्री बसून एकेक तपासून लावली. 9 बिलांत रकमेचा फरक येतोय. पहिली तीन काढून पाहिली तर तिन्हींत भाडं बिलातच धरलेलं होतं आणि आपण ते वेगळ्या खात्याला टाकलं होतं. उरलेल्या सहांची मूळ बिलं आज स्टोअरमधून काढून बघते. ती न बघता आकडा ओढूनताणून जुळवायचा नाही, असं मी ठरवलंय. जास्तीचं क्रेडिट घेतलं गेलं आणि पुढे उलटवावं लागलं, तर 18 टक्क्यांनी व्याज बसेल.

राहिली 6 बिलं. ती 2बीत आलेलीच नाहीत, कारण त्या पुरवठादारांनी 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 भरलेला नाही. त्यांवरचा कर 1,84,320 रुपये आहे. त्यांनी आता भरला तरी तो पुढच्या 2बीत दिसेल, म्हणजे या महिन्यात हे क्रेडिट धरता येणार नाही आणि तेवढी रक्कम रोखीने भरावी लागेल. बँकेत तेवढी तरतूद आजच करून ठेवलेली बरी.

त्यासाठी तुमचा एक निर्णय हवाय. या सहांपैकी दोन पुरवठादार शुक्रवारच्या पेमेंट यादीत आहेत. त्यांना फक्त मालाची रक्कम देऊन जीएसटीची रक्कम रिटर्न भरेपर्यंत थांबवायची, की नेहमीसारखं पूर्ण पेमेंट सोडायचं? माझ्या मते थांबवावी. पण त्यातले एक आपले जुने पुरवठादार आहेत, म्हणून तुम्हाला न विचारता मी काही कळवलेलं नाही. सहाही जणांना रिटर्नबद्दल आज सकाळी फोन केले. चौघांनी या आठवड्यात भरतो म्हणून सांगितलं, दोघांनी फोन उचलला नाही. त्यांना दुपारी परत लावते.

स्टोअरबद्दल सांगायचं तर शेवटचा गठ्ठा शनिवारी दुपारी एकला आला हे खरं आहे. पण तो शनिवारीच येईल, हे त्यांनी मला बुधवारीच सांगितलं होतं. दीड दिवसात होऊन जाईल असा अंदाज मी धरला, तो चुकला. त्याहून मोठी चूक म्हणजे काल सकाळी 11 वाजता, अडलेल्या बिलांची यादी समोर आली तेव्हाच हे आज होत नाही हे मला दिसलं होतं. तेव्हा तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगायला हवं होतं. काहीतरी करून होईल, या आशेवर मी दिवसभर थांबले आणि वेळ टळून गेल्यावर कळवलं. त्यामुळे तुमचं आजचं वेळापत्रक कोलमडलं असेल, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

डिसेंबरपासून बिल नंबर पुरवठादाराच्या बिलावर आहे तसाच, वर्षासकट टाकायचा, असं स्टोअरशी आज बोलून ठरवते. महिन्याच्या 12 तारखेला ज्यांचा जीएसटीआर-1 आलेला नाही त्यांची यादी काढून तुम्हाला पाठवत जाईन, म्हणजे पेमेंट सुटायच्या आधी ती तुमच्यासमोर असेल.

574 अधिक 23 जुळलेल्या बिलांची शीट सोबत जोडली आहे, तुम्हाला आजच तपासायला घेता येईल. आज संध्याकाळी पाचला त्या 9 बिलांचं काय झालं ते कळवते, काम पूर्ण झालेलं असो वा नसो.

आपली,
स्नेहल
अकाउंट्स विभाग