आशू बी.एस्सी. झाली त्या निमित्ताने

कोइमतूर,
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

प्रिय आशू,

अनेक आशीर्वाद आणि पोटभर अभिनंदन!

परवा रात्री फोनवर तू “दादा, झाले गं बाई एकदाची” असं म्हणालीस आणि नंतर मला गं म्हटल्याचं लक्षात येऊन तूच हसत सुटलीस. मला काही बोलताच आलं नाही. दुकानात भट्टी चालू होती, गिऱ्हाईक समोर बसलं होतं. “बरं झालं, जेवलीस का” एवढंच विचारून मी फोन ठेवला. रात्रभर वाटत राहिलं, पोरीनं एवढं मोठं काम केलं आणि आपण जेवणाचं विचारलं. आज रविवार, वर एकादशी, दुकान बंद आहे. म्हणून कागद घेऊन बसलोय. फोनवरचं बोलणं विरून जातं, कागद राहतो. हा तू तुझ्या मार्कशीटबरोबर ठेव.

आपल्या घरात पदवी कुणालाच नव्हती. आप्पा सातवीपर्यंत शिकले, तात्या नववी नापास. मी दहावीला ५८ टक्के पडल्यावर २००६ साली मामांबरोबर इकडे गलाईच्या दुकानात आलो. विट्याच्या स्टँडवर मला सोडायला सगळे आले होते, तू काकीच्या कडेवर होतीस, दीड-दोन वर्षांची. माझ्या शर्टाचं बटण तुझ्या मुठीत होतं आणि तू ते सोडत नव्हतीस. काकीनं बोटं एकेक करून उघडली. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिलं.

आता आजीचं. तू निकाल दाखवलास तेव्हा काकीनं मला व्हिडिओ कॉल लावला होता. आजीनं तुझा मोबाइल डोळ्याला चिकटवला आणि विचारलं, “ह्यात आपलं नाव कुठं हाय?” तू बोट ठेवलंस तशी तिनं तुझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. स्क्रीन सरकली, नाव वर गेलं, ती परत बोट ठेवायची, ते परत सरकायचं. चार-पाच वेळा झालं. तिला वाटलं आपलं बोट ओलं आहे म्हणून नाव पुसतंय, म्हणून पदराला बोट पुसून परत ठेवलं. आशू, त्या बोटाचा आजवर बँकेत, रेशनच्या दुकानात, सोसायटीत अंगठ्याच्या जोडीनं फक्त शाई लावण्यापुरता उपयोग झाला होता. तुझ्या नावावर ते असं फिरताना मी पाहिलं आणि उठून मागच्या खोलीत गेलो.

आजीचं लग्न झालं तेव्हा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ सुरूच झालं नव्हतं. ते १९६२ चं. ज्या विद्यापीठाचा शिक्का तुझ्या मार्कशीटवर आहे, त्याच्यापेक्षा आजीचा संसार जुना आहे. आणि तू ज्या रस्त्यानं तीन वर्षं एसटीनं विट्याला कॉलेजला गेलीस, त्याची खडी आजीनं बहात्तरच्या दुष्काळात फोडली आहे. ओढ्याच्या पुलापासून वडाच्या वळणापर्यंतचा तुकडा तिच्या टोळीकडे होता. पोटात तात्या होते आणि हातात हातोडा. तिला विचार, ती अजून जागा दाखवते. सकाळी साडेसहाच्या गाडीत तू उभ्यानं, एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात वही धरून जायचीस, ते ह्याच खडीवरून.

काकीचंही लिहिलं पाहिजे, कारण ती स्वतः कधी बोलणार नाही. डेअरीच्या पुस्तकात दोन म्हशींचं दूध एकत्रच चढतं, पण काकी मनातल्या मनात कपाळावर चांदणी असलेल्या म्हशीचं बिल वेगळं धरायची. दहा दिवसांनी बिल आलं की त्यातले तुझ्या पासाचे, प्रॅक्टिकलच्या वह्यांचे, परीक्षा फीचे पैसे आधी डब्यात जायचे, मग किराणा. मला हे गेल्या दिवाळीला कळलं. पेंडीची उधारी राहिली, पण तो डबा मोडला नाही.

बारावीनंतर स्थळ आलं होतं तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. माणसं चांगली होती, जमीन बागायत, पोरगा एकटा. भावकीतले सगळे म्हणाले, चालून आलंय, देऊन टाका. तात्यांनी मला फोन केला, रात्री अकराला. मी म्हटलं, “तात्या, तुमचं मन काय म्हणतंय?” बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पोरगी शाळंतनं आली की दप्तर न काढता आधी मला काय शिकवलं ते सांगती. सासरी गेल्यावर कुणाला सांगंल?” त्यांचा निर्णय तिथेच झाला होता, त्यांना फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात मी दिलेल्या होकारांत तो सगळ्यात चांगला.

पहिल्या वर्षी फिजिक्सला एटीकेटी लागली तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस. “सगळे म्हणतील, पैसे घालवले” असं मला लिहिलं होतंस. तेव्हा मी काय उत्तर दिलं आठवत नाही, पण आज लिहितो. तो विषय तू परत बसून सोडवलास, शेजारच्या गावात क्लासही नसताना. पहिल्या झटक्यात पास झालेल्यांना जे शिकायला मिळत नाही, ते तुला तिथं मिळालं. तुझ्या पूर्ण निकालात मला सगळ्यात जास्त अभिमान त्या एका विषयाच्या मार्कांचा आहे.

आणि आता माझ्या धंद्याची गोष्ट, कारण तुझ्या शिक्षणाचा पहिला फायदा घरात कुणाला झाला असेल तर तो मला.

एकोणीस वर्षं मी तेच काम करतोय. जुनं सोनं आलं की त्यात चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे पाडायचे, दाणे तेजाबात उकळायचे. चांदी तेजाबात जाते, सोनं तळाला तपकिरी भुकटी होऊन राहतं. ती धुऊन, सवागी घालून परत मुशीत वितळवली की पिवळी धमक लगड. मामांनी शिकवलं, “एकास तीन.” एक भाग सोनं, तीन भाग चांदी. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या उस्तादालाही नसेल. चांदी कमी पडली की काम बिघडतं एवढं ठाऊक. तू दुसऱ्या वर्षाला असताना फोनवर सहज समजावलंस: सोनं जास्त असलं तर ते चांदीला सगळीकडून झाकून टाकतं, तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोहोचतच नाही. चांदी तिप्पट असली की ती निघून जाताना वाट मोकळी होते आणि सगळा दाणा आतपर्यंत साफ होतो. मी फोन ठेवून मुशीकडे बघत बसलो. इतकी वर्षं हातानं करत आलेलं काम त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात उजेडात दिसलं. चांदी विरघळलेल्या त्या तेजाबात तांब्याची पट्टी टाकली की चांदी खाली बसते, तेही तूच सांगितलंस: तांबं स्वतः विरघळतं आणि चांदीला बाहेर काढतं, पाणी निळं होतं ते तांब्यामुळे. इथल्या पोरांना आता मी हे सांगतो, “माझी बहीण बी.एस्सी. केमिस्ट्री आहे” असं आधी म्हणून.

त्याहून मोठी गोष्ट धुराची. तेजाबातून तो तांबूस धूर निघतो, त्याला आम्ही सगळे सरावलो होतो. खोकला म्हणजे धंद्याचाच भाग. तू नाव सांगितलंस, नायट्रोजन डायऑक्साइड, आणि सांगितलंस की तो घेताना फारसं काही वाटलं नाही तरी काही तासांनी फुफ्फुसात पाणी धरू शकतं. तू नुसतं सांगून थांबली नाहीस. महिनाभर रोज रात्री विचारलंस, “पंखा बसवला का?” शेवटी तुझ्या कटकटीला कंटाळून मी धुराडं काढलं, बाहेर ओढणारा पंखा बसवला, पोरांना मास्क आणले. शेजारच्या दोन दुकानांनी बघून तसंच केलं. माझा सकाळचा खोकला थांबलाय. तुझी वहिनी रोज तुझं नाव घेते.

म्हणून तुला हे सांगायला पत्र लिहितोय. आता लोक हिशोब मांडायला येतील. एवढं शिकवलं, आता नोकरी कधी? पगार किती? घराचं कर्ज फेडणार का? धाकट्याच्या फीचं काय? काहीजण तर आजपासूनच म्हणतील, घरातली पहिली आहे, आता सगळ्यांचं तिनं बघायचं. आशू, ते ओझं तू उचलू नकोस. सोसायटीचं कर्ज तात्यांचं आणि माझं आहे, ते आम्ही दोघं फेडू. धाकट्याच्या बारावीचं मी बघतोय. आजीनं खडी फोडली, काकीनं दूध घातलं, ते तुझ्या डोक्यावर उसनं म्हणून नाही. त्यांना ते करायचं होतं, त्यांनी केलं, तू शिकलीस. तो व्यवहार तिथं पुरा झाला.

तुला कोल्हापूरला एम.एस्सी. करायची आहे हे मला माहीत आहे. तू कुणाला म्हणाली नाहीस, पण प्रवेशाची तारीख मला दोनदा “सहज” विचारलीस, आणि होस्टेलच्या खर्चाचं बोलता बोलता विषय बदललास. तू जा. तात्यांशी मी बोललोय. ते म्हणाले, “माझं काय न्हाई, तिच्या आईला विचार.” काकीला विचारलं तर ती म्हणाली, “डबा हाय अजून.”

मामांचा मुलगा पुढच्या आठवड्यात गावी येतोय. त्याच्या हाती एक छोटी पुडी देतोय, पाच ग्रॅमची लगड. मीच गाळलीय, माझ्या हातानं, तू सांगितल्यासारखं नीट उकळून, दोनदा धुऊन. काकी ती बघून लगेच म्हणेल, लग्नासाठी ठेव. तिला हे पत्र वाचून दाखव: ही लग्नासाठी नाही. प्रवेशाच्या वेळी पैसे कमी पडले तर विट्याच्या पेठेत नेऊन मोड, मला विचारू नकोस. नाही मोडावी लागली तर तुझ्याकडेच ठेव. तुझ्या नावाचं पहिलं सोनं अंगावर घालायला न येता तुझ्या शिक्षणासाठी आलं, एवढंच मला पाहिजे होतं.

मी दसऱ्याला येतोय, २ ऑक्टोबरला. पालखीच्या शर्यतीला यंदा आपण दोघं आजीला घेऊन जाऊ, तिला तुझ्याबरोबर सगळ्या गावाला दिसायचं आहे. ती तसं म्हणाली नाही, पण नवं लुगडं आणायला सांगितलंय. कोल्हापूरहून सुट्टी काढून ये.

आणि मार्कशीटच्या दोन झेरॉक्स काढून मामांच्या मुलाबरोबर परतीला पाठव. एक दुकानात गादीच्या मागं लावायची आहे. दुसरी तिथं ठेवलेली खराब झाली तर, म्हणून.

तात्या, काकी आणि आजीला नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
संतोषदादा