आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत: पेपरआधीचा तक्ता

सोलापूरच्या आपल्या अभ्यासगटासाठी. एसटीत बसल्या बसल्या वाचून होईल. पाया एकच: आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे कलम 38(1).

| स्रोत | बंधन कशामुळे | खटला / कलम |
|---|---|---|
| करार | राष्ट्रांची संमती. करार पाळलाच पाहिजे | व्हिएन्ना करार 1969, कलम 26. अनिवार्य नियमाविरुद्धचा करार शून्य, कलम 53 |
| रूढी | दोन्ही हवेत: राष्ट्रांचे सातत्याचे आचरण आणि ‘हे कायद्याने बंधनकारक आहे’ ही जाणीव. नुसती सवय किंवा सौजन्य म्हणजे रूढी नव्हे | उत्तर समुद्र खंडमंच, 1969, आश्रय खटला, 1950 (प्रादेशिक रूढी सिद्ध झाली नाही), पोर्तुगाल वि. भारत, 1960 (दोनच राष्ट्रांतही रूढी शक्य) |
| सामान्य तत्त्वे | देशोदेशींच्या कायद्यांत मान्य. पोकळी भरतात | चोर्झो कारखाना, 1928: भरपाईचे कर्तव्य |
| न्यायनिर्णय, विद्वानांची मते | फक्त दुय्यम साधन | कलम 59: निकाल त्या पक्षकारांपुरताच |

रूढीवर सर्वांत जास्त वेळ द्या. मागच्या सराव पेपरात मी दुसरा घटक लिहिलाच नाही आणि निम्मे गुण गेले. 1960 चा खटला तर आपल्या शेजारच्या दादरा-नगर हवेलीचा, म्हणून लक्षात राहतो: नागरिक व मालाला वाट मान्य, सशस्त्र सैन्याला नाही.

करार आणि रूढी यांत श्रेष्ठ कोण, असं विचारलं तर क्रम लावू नका. कलम 38 तो सांगत नाही. आमसभेचे ठराव यादीत नाहीत, पण रूढीचा पुरावा म्हणून जरूर लिहा.