मावशी-काकांच्या होम लोनचा की फॅक्ट्स कागद, मराठीत

मावशी, काका, बँकेने सोमवारी ४ ऑगस्ट २०२५ ला जो इंग्लिश कागद दिला ना, की फॅक्ट्स स्टेटमेंट, तो पूर्ण मराठीत लिहून काढलाय, आकडे जसेच्या तसे आहेत, आणि जिथे नुसतं वाचून कळणार नाही तिथे मी सांगितलंय. हा कागद देणं बँकेला बंधनकारक आहे, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या रिटेल लोनला, आणि तो आपल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. त्यामुळे ब्रांचमध्ये मराठी प्रत बिनधास्त मागा, आणि सही करायच्या आधी ती ह्याच्याशी ताडून बघा. यावर लिहिलेल्या अटी गुरुवार ७ ऑगस्टपर्यंत बँकेवर बंधनकारक आहेत म्हणजे कामाचे तीन दिवस, तेवढ्यात वाचायचं, कोणी "आजच सही करा" म्हणून घाई केली तरी ऐकायचं नाही.

लोन कशासाठी आणि किती
कळव्यातला रिसेल वन बीएचके घ्यायला होम लोन. मंजूर रक्कम २५,००,००० रुपये, एकाच वेळी विकणाऱ्याच्या नावाने चेक निघणार. मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते, महिन्याला २१,५३८ रुपये. पहिला हप्ता चेक निघाल्याच्या पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला, नंतर दर महिन्याच्या ५ ला काकांच्या पगाराच्या अकाउंटमधून आपोआप कट होणार.

व्याजदर: फ्लोटिंग
हे सगळ्यात नीट वाचा. कागदावरचा दर वर्षाला ८.४० टक्के आहे पण तो २० वर्षं तसाच राहणार नाहीये. त्यातले ५.५० टक्के म्हणजे ऑगस्ट २०२५ मधला रेपो रेट, रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते तो, आणि त्यावर बँकेचे स्वतःचे २.९० टक्के. रेपो वर गेला की तुमचा दर वर, खाली आला की खाली, आणि बँक हे दर तीन महिन्यांनी बघणार, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या १ तारखेला. ते २.९० मात्र मनाला येईल तसं वाढवता येत नाही, तुमचं क्रेडिट रेकॉर्ड खूपच बिघडलं तरच त्यातला रिस्कचा भाग बदलतो आणि बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदाच वाढवता येतो. म्हणून हप्ते वेळेवर जाणं महत्त्वाचं.

दर पाव टक्का वाढून ८.६५ झाला तर काय, हे कागदावर दोन प्रकारे दिलंय. मुदत तीच ठेवली तर हप्ता २१,९३४, म्हणजे महिन्याला ३९६ रुपये जास्त. हप्ता तोच ठेवला तर २४० चे २५३ हप्ते होतात, बारा पूर्ण आणि तेरावा थोडासा, म्हणजे वर्षभर जास्तीचं भरत बसायचं. दर बदलला की बँकेने तुम्हाला कळवायचं आणि काय हवं ते तुम्ही निवडायचं, गप्प बसलात तर मुदत वाढते असं या लोनच्या अटीत आहे, आणि काका दोन हजार चाळीसच्या आधी रिटायर होणार, तेव्हा मला तरी हप्ता वाढवलेला परवडेल असं वाटतं. फिक्स्ड दरावर जायचं असेल तर जाता येतं, त्यावेळी जो फिक्स्ड दर चालू असेल तो लागणार आणि बदलायची फी जीएसटी धरून २,९५० रुपये.

व्याज कसं बसतं बघा. पहिल्या हप्त्याच्या २१,५३८ मधले १७,५०० रुपये नुसतं व्याज, मूळ लोनमधून कमी होतात फक्त ४,०३८. दर असाच राहिला तर २० वर्षांत साधारण २६ लाख ६९ हजार व्याज जातं, म्हणजे घेतलेल्या लोनपेक्षा जास्त. म्हणून दिवाळीचा बोनस वगैरे आला की थोडं आधी भरायचं, त्याला चार्ज शून्य आहे, थोडं भरा नाहीतर पूर्ण फेडून टाका, फ्लोटिंग दर आणि स्वतःच्या नावावरचं घरगुती लोन आहे त्यामुळे बँक त्यावर पैसे लावूच शकत नाही.

आधी भरायची फी
प्रोसेसिंग फी १२,५०० आणि त्यावर जीएसटी २,२५०, एकूण १४,७५०. वकिलाचा टायटल सर्च आणि घराचं व्हॅल्युएशन, जीएसटी धरून ७,०८०. सरसाय रजिस्ट्रेशन, म्हणजे घर गहाण असल्याची सरकारी नोंद, ११८. हे सगळं २१,९४८ रुपये, लोनमधून कापत नाहीत, अकाउंटमधून आधी घेतात आणि एकदाच. ही फी व्याजात धरली की खरा वार्षिक खर्च निघतो तो ८.५२ टक्के, कागदावर एपीआर म्हणून लिहिलाय, दुसऱ्या बँकेशी कम्पेअर करायचं तर हाच आकडा कम्पेअर करा, ८.४० नाही. गहाणखताची स्टँप ड्युटी ७,५०० वेगळी, ती सरकारला थेट भरायची म्हणून एपीआरमध्ये नाहीये पण खिशातून जाणार आहेच.

आता तो इन्शुरन्स. ब्रांचमधला माणूस म्हणाला होता ना की ५८,००० चा लोन प्रोटेक्ट घ्यावाच लागेल, तो या कागदावर कुठेच नाही. कागदावर नसलेला कुठलाही चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. तो लोनमध्ये टाकला असता तर महिन्याला ५०० रुपये वाढले असते, २० वर्षांत १ लाख २० हजार. घ्यायचाच असेल तर बाहेरून साधा टर्म प्लॅन घेऊ, काकांचं वय बघता तो हवाच, पण यांच्या सांगण्यावरून नाही.

दंड
हप्ता चुकला तर थकलेल्या हप्त्यावर वर्षाला १८ टक्के पीनल चार्ज, जितके दिवस उशीर तितक्याच दिवसांचा. पूर्ण लोनवर नाही, फक्त थकलेल्या रकमेवर, आणि हा दंड मूळ लोनमध्ये मिसळून त्यावर परत व्याज लावता येत नाही. अकाउंटमध्ये पैसे नसल्याने हप्ता बाउन्स झाला तर ५०० रुपये वेगळे. म्हणजे १० दिवस उशीर झाला तर ५०० अधिक साधारण १०६, एकूण ६०६, शिवाय थकलेल्या रकमेवरचं नेहमीचं व्याज आहेच, वर पगाराची बँक तिचा वेगळा चार्ज लावेल आणि सिबिलवर दिसतं ते वेगळंच. या दोन्ही दंडांवर जीएसटी नाही, कोणी लावला तर विचारा. पगार ७ ला होतो म्हणून ५ च्या ऐवजी १० तारीख मागून घ्या, सही करायच्या आधी, नंतर कोणी ऐकत नाही.

बाकीचं
थकबाकी राहिली तर वसुली एजंट नेमायचा हक्क बँकेला आहे, पण त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. लोन दुसऱ्या संस्थेकडे ट्रान्सफर होऊ शकतं असं लिहिलंय, झालं तरी तुमच्या अटी त्याच. पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ पेपर ३० दिवसांत परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला. तक्रार आधी ब्रांचला, मग नोडल ऑफिसरला, त्याचा नंबर मूळ कागदाच्या दुसऱ्या पानावर तळाला आहे. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर, फोन १४४४८.

हप्त्यांचा पूर्ण तक्ता मूळ कागदाला जोडलाय, त्यातले सगळे आकडेच आहेत म्हणून तो मराठीत केला नाही. बुधवारी मी ऐरोलीहून लवकर निघते, ब्रांचमध्ये तुमच्या बरोबरच येईन, पेन मात्र तोपर्यंत हातात घेऊ नका.