हळदीच्या लोगोचं वर्णन – बैठकीत वाचून मत कळवा

ताई, नमस्कार.

लॅपटॉपची हार्डडिस्क गेली आणि लोगोचा कच्चा नमुनाही तिच्यासोबत गेला. डेटा निघेल याची खात्री दुकानदार देत नाही. शनिवारी गटाची बैठक आहे, म्हणून शब्दांतच सांगते. सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

वर चिन्ह, खाली अक्षरं. चिन्ह म्हणजे आडवं कापलेलं ओलं हळकुंड. बाहेरची कड किंचित वाकडी, हातानं काढल्यासारखी. आत गडद नारंगी गोल, निम्म्या रुंदीचा, मुद्दाम जरा डावीकडे सरकवलेला. बरोबर मधोमध ठेवला की उकडलेलं अंडं दिसायचं! वर उजवीकडे झुकलेली दोन पानं, एक लांब आणि दुसरं त्याच्या निम्मं. कापलेल्या हळकुंडाला पानं नसतात हे तुम्ही म्हणालच. पण पानांशिवाय ते हळदीचं वाटत नव्हतं.

खाली ठळक अक्षरांत ‘हळद’. शिरोरेषा तिन्ही अक्षरांवर अखंड, उजवीकडे थोडी पुढे निघून गोल टोकाला थांबते. ‘ळ’च्या गाठी आतून चांगल्या मोकळ्या ठेवल्यात, नाहीतर ५० ग्रॅमच्या पाकिटावर शाई भरून बुजतात. त्याखाली एक तृतीयांश उंचीत गटाचं नाव आणि ‘वसमत, जि. हिंगोली’.

मोकळी जागा ‘ह’च्या उंचीवर मोजलीय. चिन्ह आणि शिरोरेषा यांच्यात पाऊण ‘ह’, चारी बाजूंनी एक पूर्ण ‘ह’. त्या जागेत वजन, किंमत, एफएसएसएआय क्रमांक काहीही येऊ द्यायचं नाही. जीआयचं चिन्हही लोगोत नाही; अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली की ते पाकिटावर वेगळं लावू.

रंग: कडेचा पिवळा मजेंटा २५, यलो १००, आतला नारंगी मजेंटा ५५, यलो १००. पानं गडद हिरवी. अक्षरं मात्र काळपट तपकिरी, कारण पांढऱ्यावर पिवळी अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. पोत्यांवरच्या शिक्क्यासाठी सगळं एकाच काळ्या रंगात, तिथं आतला गोल भरीव आणि कड नुसती रेघ.

लाल कुठंच घेतला नाही. पिवळ्याशेजारी लाल आला की हळदी-कुंकू, नाहीतर माळेगावच्या यात्रेतला भंडारा आठवतो. मला देवघर नको होतं, स्वयंपाकघर हवं होतं. आपल्याच शेतातली, घरी शिजवून वाळवलेली हळद, भेसळीची शंका न येणारी, असं पाकीट हातात घेताच वाटावं. झगमग नको.

आता विचारायचं ते असं. नुसतं ऐकून डोळ्यापुढं हळकुंड येतं, की सूर्य? कापलेलं असावं, की जेठा गड्डा आणि त्याला फुटलेली हळकुंडं अख्खी दाखवू? दुसरं जास्त ओळखीचं आहे, पण शिक्क्यात त्याचा चिखल होईल अशी मला भीती आहे. आणि गावाचं नाव एवढं बारीक चालेल का? माझ्या मते ते मोठं हवं, ग्राहक वसमत बघूनच घेतो.

कुणाला सुचलं तर वहीच्या पानावर पेनानं काढून फोटो पाठवा, वाकडंतिकडं चालेल. रविवारी संध्याकाळी मी नव्यानं काढायला बसणार आहे.