😂 एडिट केलेला फोटो आहे! मामा आणि पिल्लूचे चेहरे अदलाबदल केलेत

आधीच सांगते, पहिला फोटो खरा नाहीये, फेस स्वॅप केलाय. मामांच्या धडावर माझ्या भाच्याचा चेहरा आणि भाच्याच्या धडावर मामांचा. बाकी पुण्याचं पेशवे पार्क, तिथली फुलराणी ही छोटी आगगाडी, मागची झाडं, हातातलं कणीस सगळं जसंच्या तसं आहे. ओरिजिनल फोटो दुसरा, स्वाइप करा.

आता बघा तरी!! इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, मनगटावर एचएमटीचं घड्याळ आणि वर दोनच दात दाखवत खिदळणारं बाळ 🤣 आणि शेजारी डायनोसॉरच्या टीशर्टमध्ये मामांची ती भरघोस मिशी, चष्म्यासकट. जवळून बघितलं तर मामांच्या कॉलरपाशी जोड दिसतो, आणि पिल्लूच्या अंगावर मामांचे कान जरा जास्तच मोठे आलेत, तो माझ्या एडिटिंगचा प्रकार आहे, मामांचे कान एकदम छान आहेत.

मामांना विचारूनच टाकतेय बरं का. आधी फोटो दाखवला, मग कॅप्शन वाचून दाखवलं, ते इतके हसले की मामी किचनमधून बाहेर आल्या काय झालं बघायला. म्हणाले टाक, फक्त मिशी नीट दिसली पाहिजे. पिल्लूचा फोटो टाकायला दादा-वहिनी दोघंही हो म्हणालेत.

आणि खरं सांगू का, फुलराणी १९५६ पासून धावतेय आणि मामा लहानपणी त्यातच बसलेत, तेव्हा पार्कात प्राणी पण होते, ते नंतर कात्रजला गेले. त्या दिवशी भर उन्हात तिकिटाच्या लाइनीत तेच उभे राहिले, कोणाला उभं राहू दिलं नाही, आणि गाडी सुटल्यावर पिल्लूपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. मला तेच फोटोत आणायचं होतं, म्हणून दोघांचे चेहरे बदलले कारण हसू दोघांचं अगदी सेम आहे.

एक रिक्वेस्ट आहे. फोटोवर खाली "एडिटेड – फेस स्वॅप" अशी पट्टी टाकलीये, ती क्रॉप करू नका प्लीज, फॅमिली ग्रुपवरून फॉरवर्ड होत होत कॅप्शन गळून पडतं आणि मग लोकांना नुसता फोटोच दिसतो. स्टिकर बनवायचं असेल तर आधी मामांना विचारा. आणि उद्या ते काढ म्हणाले तर मी लगेच काढणार, तेव्हा का काढला असं विचारत बसू नका.

मिशीवर, वयावर, टकलावर कमेंट नको हं. त्यापेक्षा लहानपणी तुम्ही फुलराणीत कोणासोबत बसला होतात ते लिहा, संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळ्या कमेंट मामांना वाचून दाखवणारे ❤️

#पुणे #पेशवेपार्क #फुलराणी #फेसस्वॅप #एडिटेडफोटो